हॉटस्पॉटला लॅपटॉप जोडला की मोबाइल कंपनीला कसं कळतं, आणि ती वेग का आवळते

रात्री सव्वादहाला मैत्रिणीचा फोन आला. घरचं ब्रॉडबँड बंद पडलेलं, आणि २४० एमबीची एक फाइल अकराच्या आत पाठवायची होती. तिनं फोनचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप जोडला होता. "फोनवर व्हिडिओ झरझर चालतोय गं, आणि लॅपटॉपवर साधं पान उघडेना. फाइल तर दोन टक्क्यांवरच अडकलीये. लॅपटॉप बिघडलाय का?"

लॅपटॉप बिघडला नव्हता. मी तिला आधी दोनच गोष्टी करायला सांगितल्या. फोनचं वायफाय बंद ठेवून फक्त मोबाइल डेटावर वेग मोजायचा, आणि लगेच, जागेवरून न हलता, तोच वेग लॅपटॉपवर मोजायचा. फोनवर डाउनलोड ४२ एमबीपीएस आलं आणि अपलोड १२. लॅपटॉपवर दोन्ही ०.५८. सिम एक, टॉवर एक, मधे दोन मिनिटांचं अंतर, आणि डाउनलोडच्या वेगात सत्तर पटींचा फरक. एवढा फरक पडला की रेंजवर संशय घ्यायचं कारण उरत नाही, कारण रेंज तर दोघांची एकच आहे. आता शंका दोनच उरतात: फोन आणि लॅपटॉप यांच्यामधला दुवा खराब आहे, किंवा पलीकडे कंपनी लॅपटॉपचा डेटा ओळखून त्याला वेगळी वागणूक देते आहे.

दुसरी शंका ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. इंटरनेट तर फोनच वापरतोय, त्याच्यामागे लॅपटॉप आहे की टॅबलेट हे कंपनीला कुठून कळणार? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरातच या प्रकरणाचा बराचसा उलगडा होतो.

हॉटस्पॉट सुरू केला की फोन एक छोटा राउटर होतो. तो लॅपटॉपला एक खाजगी पत्ता देतो. आयफोन असेल तर फोनचा स्वतःचा पत्ता 172.20.10.1 असतो आणि लॅपटॉपला बहुधा 172.20.10.2 मिळतो. हा पत्ता त्या दोघांपुरताच. लॅपटॉपनं एखादं पान मागवलं की त्या मागणीची पॅकेटं, म्हणजे डेटाचे छोटे छोटे तुकडे, फोनकडे येतात. फोन प्रत्येक पॅकेटवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून तिथे स्वतःचा, म्हणजे मोबाइल नेटवर्कनं त्याला दिलेला पत्ता लिहितो, आणि उत्तर आलं की ते कुणाला द्यायचं याची नोंद स्वतःच्या तक्त्यात ठेवतो. उत्तर परत आलं की तक्ता पाहून ते लॅपटॉपकडे सरकवतो. टॉवरच्या बाजूनं पाहिलं तर सगळी पॅकेटं एकाच पत्त्यावरून येतात, आणि तो पत्ता फोनचा असतो. इथपर्यंत लॅपटॉप खरंच लपलेला असतो.

पण पॅकेटच्या पाकिटावर पत्त्याशिवाय आणखीही काही लिहिलेलं असतं. त्यात एक छोटासा आकडा असतो, त्याला टीटीएल म्हणतात. तो ठेवण्यामागचा हेतू वेगळाच आहे. जगभरच्या राउटरांपैकी कुणाची वाट चुकीची लिहिली गेली, तर एखादं पॅकेट दोन-चार राउटरांमध्ये गोल गोल फिरत राहू शकतं, कायमचं. अशी पॅकेटं साठत गेली तर वाटच तुंबेल. म्हणून पाठवणारं यंत्र प्रत्येक पॅकेटवर एक आकडा लिहून देतं, आणि वाटेतला प्रत्येक राउटर पॅकेट पुढे ढकलताना तो आकडा एकानं कमी करतो. शून्य झाला की पॅकेट तिथेच टाकून दिलं जातं.

सुरुवातीचा आकडा किती असावा हे ज्या त्या यंत्राची प्रणाली ठरवते. अँड्रॉइड, आयफोन, मॅक आणि लिनक्स ६४ पासून सुरू करतात. विंडोज १२८ पासून. हे घरबसल्या दिसतं. विंडोजच्या लॅपटॉपवर कमांडची खिडकी उघडून स्वतःलाच साद घाला:

```
ping 127.0.0.1
Reply from 127.0.0.1: bytes=32 time<1ms TTL=128
```

शेवटचा १२८ हा लॅपटॉपनं स्वतःच्या पॅकेटवर लिहिलेला आकडा. वाटेत एकही राउटर नाही, म्हणून तो कमी झालेला नाही.

आता हिशोब मांडू. फोननं स्वतःहून एखादं पान मागवलं तर पॅकेट फोनमधूनच जन्माला येतं, म्हणून ते ६४ घेऊन बाहेर पडतं आणि मोबाइल नेटवर्कच्या पहिल्या तपासणीच्या जागी ६४ च पोहोचतं. तेच पान विंडोजच्या लॅपटॉपनं मागवलं तर पॅकेट १२८ घेऊन निघतं. फोन या वेळी राउटरचं काम करतोय, म्हणून तो नियमाप्रमाणे एक वजा करतो, आणि बाहेर पडतं ते १२७. लॅपटॉप मॅक असेल तर ६४ चे ६३ होतात. फोनच्या पत्त्यावरून ६३ किंवा १२७ आकड्याची पॅकेटं येऊ लागली की कंपनीच्या यंत्रणेला आत काय लिहिलंय ते वाचायची गरजच पडत नाही. मधे एक राउटर आहे, म्हणजे फोनच्या मागे कुणीतरी बसलंय, एवढं पाकिटावरूनच कळतं.

मला या युक्तीचा साधेपणा फार लक्षणीय वाटतो. फोननं काही चहाडी केलेली नाही. त्यानं प्रामाणिक राउटरसारखं आपलं काम केलं, आणि त्या प्रामाणिकपणामुळेच मागचा लॅपटॉप उघड झाला. त्या आकड्यानं फोन राउटर झालेला बघायचा असेल तर लॅपटॉपवरून वाटेचा माग काढा:

```
tracert -d 8.8.8.8
  1     3 ms     2 ms     3 ms  172.20.10.1
```

ही पहिली ओळ म्हणजे तुमचा फोन. ही आज्ञा मुद्दाम १ आकड्याचं पॅकेट पाठवते. फोन त्यातून एक वजा करतो, शून्य येतं, तो ते पॅकेट टाकून देतो आणि तसं कळवतो. म्हणून त्याचा पत्ता आपल्याला दिसतो.

याच आकड्याचा वापर उलट्या दिशेनंही करता येतो, आणि तो जास्त निष्ठुर आहे. नेटवर्कनं फोनकडे येणाऱ्या प्रत्येक पॅकेटवरचा आकडा १ करून टाकला, तर फोनला स्वतःला काहीच फरक पडत नाही, कारण पॅकेट त्याच्यापर्यंत पोहोचलेलं असतं. पण तेच पॅकेट लॅपटॉपकडे सरकवायचं झालं की फोन एक वजा करतो, शून्य येतं, आणि पॅकेट तिथेच संपतं. मग फोनवर सगळं सुरळीत आणि लॅपटॉपवर काहीच नाही. हॉटस्पॉट जोडलेला दिसतो, फोनला साद घातली तर तो उत्तर देतो, आणि त्याच्या पलीकडे मात्र पूर्ण शांतता. लक्षणं अशी असतील तर वेग आवळलेला नाही, वाटच बंद केलेली असण्याची शक्यता धरायला हवी.

सगळ्या कंपन्या आकडे बघत बसतात असं मात्र नाही. कित्येकदा फोनच आधी परवानगी विचारतो. कंपनीनं फोनसाठी पाठवलेल्या सेटिंगमध्ये तशी सूचना असेल तर हॉटस्पॉटचं बटण दाबल्यावर फोन कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, की या ग्राहकाच्या प्लॅनमध्ये हे बसतं का. नकार आला की हॉटस्पॉट सुरूच होत नाही. अँड्रॉइडमध्ये आणखी एक सोय आहे. मोबाइल डेटाची जोडणी ज्या नावानं होते त्याला एपीएन म्हणतात, आणि त्याच्या सेटिंगमध्ये प्रकार लिहायच्या रकान्यात `default,supl,dun` असं काहीतरी दिसतं. त्यातलं `dun` हे टेदरिंगसाठी, म्हणजे फोनचं इंटरनेट दुसऱ्या यंत्राला देण्यासाठी. हा शब्द फोन मोडेमसारखा वापरून नंबर फिरवून इंटरनेट जोडायचे त्या काळातला, तसाच राहून गेलेला. कंपनीनं टेदरिंगसाठी वेगळा एपीएन ठेवला असेल तर लॅपटॉपचा डेटा पहिल्यापासून वेगळ्या जोडणीनं, वेगळ्या पत्त्यावरून जातो. तिथे ओळखण्याचा प्रश्नच येत नाही. दोन नळ वेगळे, दोन मीटर वेगळे.

याउपर लॅपटॉप स्वतःच्या सवयींनीही ओळखू येतो. विंडोज नेटवर्कला जोडला की लगेच `www.msftconnecttest.com` या ठिकाणची `connecttest.txt` ही छोटी फाइल मागतो, इंटरनेट खरंच चालू आहे का हे बघायला. आणि ती मागणी कूटबद्ध नसते, उघडी असते. कुठलाही फोन स्वतःहून ही फाइल मागत नाही.

आता खरा प्रश्न. डेटा तोच, पैसे भरलेले, मग लॅपटॉपवर वापरला तर कंपनीचं काय बिघडतं?

याची दोन उत्तरं आहेत. पहिलं रेडिओचं आहे आणि ते खरं आहे. टॉवरचा एक भाग ज्या परिसराला सेवा देतो, तिथल्या सगळ्यांमध्ये एकच क्षमता वाटली जाते. ४जी मध्ये २० मेगाहर्ट्झची एक पट्टी, दोन अँटेनांची साधी मांडणी धरली तर आदर्श परिस्थितीत साधारण १५० एमबीपीएस देते. हा आकडा एका माणसाचा नाही, त्या भागातल्या सगळ्यांचा मिळून आहे, आणि प्रत्यक्षात हाती येतं ते त्याहून पुष्कळ कमी. ज्याची रेंज कच्ची आहे त्याला तेवढाच डेटा पोहोचवायला टॉवरला जास्त वेळ द्यावा लागतो, म्हणून घराच्या आतल्या कोपऱ्यात बसून चालवलेला हॉटस्पॉट इतरांच्या वाट्यातून अधिक खातो. फोनच्या पडद्यावर माणूस मध्यम दर्जाचा व्हिडिओ बघतो, त्याला एक-दोन एमबीपीएस पुरतात. लॅपटॉपवर तोच व्हिडिओ आपोआप मोठ्या दर्जाचा होतो आणि पाच मागतो. आणि व्हिडिओ तरी माणूस बघून थांबतो. लॅपटॉप मात्र न सांगता प्रणालीचं अनेक जीबीचं अपडेट उतरवतो, फोटोंचं अख्खं फोल्डर वर चढवतो. वायफाय दिसलं की तो समजतो, घरचं ब्रॉडबँड आहे. आपण फोनवर आहोत हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसरं उत्तर पैशाचं आहे, आणि माझ्या मते बऱ्याच ठिकाणी तेच मोठं आहे. 'अमर्याद' डेटाचे प्लॅन फोनवर माणूस साधारण किती डेटा वापरतो हे गृहीत धरून किंमत लावलेले असतात. लहान पडद्यावर माणूस खाऊन खाऊन किती खाणार, हा तो अंदाज. हॉटस्पॉट त्या अंदाजाला सुरुंग लावतो, कारण एकच सिम घराचं ब्रॉडबँड बनू शकतं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टी-मोबाइलच्या प्रमुखांनी जाहीर पत्र लिहून सांगितलं होतं, की काही ग्राहक टेदरिंग लपवण्याच्या युक्त्या करून महिन्याला २,००० जीबीपर्यंत डेटा ओढत आहेत, आणि कंपनी त्यांच्यावर कारवाई करणार आहे. अमर्याद प्लॅनवर हॉटस्पॉटला वेगळी मर्यादा घालण्यामागची ही चिंता मला समजते.

जिथे डेटा मोजून विकला जातो तिथे मात्र हा युक्तिवाद टिकत नाही. मी १० जीबी विकत घेतला, तो फोनवर संपवला काय आणि लॅपटॉपवर संपवला काय, टॉवरवर भार १० जीबीचाच. त्यावर टेदरिंगसाठी वेगळी बंदी किंवा वेगळे पैसे म्हणजे एकच वस्तू दोनदा विकणं, असं मला ठामपणे वाटतं. नियामकांनीही काही वेळा हेच धरलं आहे. २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकानं व्हेरायझन वायरलेस या मोबाइल कंपनीच्या चौकशीत तडजोड केली. ग्राहकांना टेदरिंगची ॲप मिळू नयेत म्हणून कंपनीनं गूगलच्या ॲप दुकानातून ती अडवायला लावली होती का, हा चौकशीचा विषय होता. कंपनीनं साडेबारा लाख डॉलर भरले, आणि मोजून डेटा घेणाऱ्या ग्राहकांना अशी ॲप वापरण्याची वाट मोकळी झाली. त्या कंपनीकडच्या ७०० मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्याच्या परवान्यातच, ग्राहकाच्या पसंतीची ॲप आणि उपकरणं अडवायची नाहीत, अशी अट होती. युरोपात २ सप्टेंबर २०२१ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयानं जर्मनीतल्या व्होडाफोनच्या एका योजनेबाबत निकाल दिला. त्या योजनेत ठराविक ॲपचा डेटा फोनवर मोजला जात नसे, पण हॉटस्पॉटवरून वापरला तर मोजला जाई. हा भेद खुल्या इंटरनेटच्या नियमात बसत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. म्हणजे तुमच्या कंपनीला काय करता येतं हे तुम्ही कुठल्या नियमांखाली आहात आणि कुठल्या करारावर सही केली आहे, यावर ठरतं.

आता वेग आवळला जातो म्हणजे नेमकं काय होतं ते बघू, कारण त्याची खूण त्यातच दडलेली आहे. कंपनीची यंत्रणा ओळखलेल्या डेटाला एक ठरलेला दर देते, समजा ६०० केबीपीएस, म्हणजे ०.६ एमबीपीएस. त्यापेक्षा जास्त पॅकेटं आली तर ती रांगेत थांबवली जातात किंवा सरळ टाकून दिली जातात. टाकली तर लॅपटॉपला ती परत मागावी लागतात. रांगेत थांबवली तर रांग लांबत जाते, आणि एरवी ४० मिलिसेकंदात येणारं उत्तर सेकंदा-दीड सेकंदावर जातं. ६०० केबीपीएस ऐकायला ठीक वाटतं. पण वेग बिटांत मोजतात आणि फाइल बाइटांत, आणि एका बाइटात आठ बिट असतात, म्हणून ३ एमबीचं एक साधं पान उघडायला त्यात ४० सेकंद लागतात. १ जीबी उतरवायला ३ तास ४२ मिनिटं. काही प्लॅनमध्ये मर्यादा संपल्यावर १२८ केबीपीएस मिळतात, तिथे तोच १ जीबी १७ तासांपेक्षा जास्त घेतो. आणि हा सगळा दर एकट्या तुमच्या पानाला मिळत नाही. मागे एखादं अपडेट चालू असेल तर अर्धा त्यानं खाल्लेला असतो.

खरी रेंज कच्ची असते तेव्हा वेग वर-खाली होतो. आता ३, मग ९, मग १. गर्दीच्या वेळी घसरतो, पहाटे सुधारतो. आवळलेला वेग मात्र सपाट असतो. पाच वेळा मोजा, पाचही वेळा ०.५७, ०.५८, ०.५९. खिडकीत जा, गच्चीवर जा, तोच. असा आकडा एखाद्या गोल आकड्याच्या किंचित खाली चिकटून बसलेला दिसला की तो निसर्गाचा नाही, कुणीतरी लिहून ठेवलेला आहे.

मैत्रिणीच्या लॅपटॉपवर ०.५८ आलं तेव्हाच मला संशय आला होता, पण मधला दुवा तपासल्याशिवाय कंपनीवर बोट ठेवणं बरोबर नव्हतं. मी तिला लॅपटॉपवरून फोनलाच, म्हणजे 172.20.10.1 ला, साद घालायला सांगितली. उत्तरं ३ मिलिसेकंदात, एकही हरवलं नाही. वायफायचा दुवा ठणठणीत. तरी खात्रीसाठी वायफाय सोडून यूएसबी केबलनं जोडायला लावलं. पुन्हा ०.५८. हे महत्त्वाचं आहे, कारण केबल लावली की हॉटस्पॉट नाही, असा समज सर्रास आहे. फोन तेव्हाही राउटरच असतो, तेव्हाही एक वजा करतो, आणि कंपनीच्या दृष्टीनं काहीच बदलत नाही. केबलनं फक्त वायफायमधला दोष असेल तर तो वगळला जातो, आणि बॅटरी वाचते.

मग शेवटची चाचणी, जी मला सगळ्यात आवडते. घरातला दुसरा एक फोन तिच्या हॉटस्पॉटला जोडायला सांगितला आणि त्याच्यावर वेग मोजला. ०.५८. लॅपटॉपचा दोष असता तर दुसरा फोन जोरात चालायला हवा होता. तो फोन असूनही आवळला गेला, कारण त्याचीही पॅकेटं ६४ ची ६३ होऊन बाहेर पडत होती. यंत्रणेनं लॅपटॉप ओळखला नव्हता, मधे पडलेली पायरी ओळखली होती, किंवा हॉटस्पॉटची सगळीच वाट वेगळी मोजली जात होती. दोन्हीत परिणाम एकच.

तिच्या कंपनीच्या ॲपमध्ये प्लॅनच्या तपशिलात अगदी खाली ओळ सापडली. डेटा अमर्याद, पण हॉटस्पॉटसाठी महिन्याला १५ जीबी, त्यानंतर ६०० केबीपीएस. महिन्याचा अजून नववा दिवस, आणि शिल्लक शून्य. कुठे गेले १५ जीबी? विंडोजच्या सेटिंगमध्ये 'Network & internet' खाली 'Data usage' उघडलं की कुठल्या ॲपनं किती खाल्लं ते दिसतं. ब्राउझर सव्वादोन जीबी. फोटो आणि फाइली वर चढवणारं ॲप सात जीबीच्या आसपास. उरलेलं बरंचसं प्रणालीच्या अपडेटांत. तिनं स्वतः ठरवून वापरलेला डेटा सहावा हिस्सासुद्धा नव्हता. "मी तर दोन मेल केले फक्त," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

तिचा पुढचा प्रश्न मला अपेक्षितच होता. "तो आकडाच बदलला तर? लॅपटॉपनं ६५ लिहून पाठवला, की फोन एक वजा करून ६४ होईल ना?" हिशोब बरोबर आहे, आणि ही युक्ती पुष्कळ लोक करतातही. पण ती फक्त तिथेच चालते जिथे कंपनी एवढा एकच आकडा बघते. नव्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांवर, म्हणजे आयपीव्ही६ वर, हाच आकडा वेगळ्या नावानं वेगळा ठेवलेला असतो, तो बदलायचा राहून गेला की अर्धा डेटा पुन्हा उघडा. टेदरिंगचा एपीएनच वेगळा असेल तर आकड्याला काही अर्थच नाही. आणि प्लॅनमध्ये हॉटस्पॉटची मर्यादा लिहिलेली असताना ती लपवून ओलांडणं म्हणजे करार मोडणं आहे. कंपनी त्यावर सेवा बंद करू शकते. मी तिला ते करायला सांगितलं नाही.

व्हीपीएन, म्हणजे सगळा डेटा कूटबद्ध करून मधल्या एका सर्व्हरमार्फत पाठवण्याची सोय, हिच्याबद्दलही असाच एक गैरसमज आहे. लॅपटॉपवर व्हीपीएन लावलं तर आत काय चाललंय ते झाकलं जातं. त्यामुळे कंपनी फक्त व्हिडिओचा वेग आवळत असेल तर फरक पडतो, आणि तो फरक पडणं हीच त्या प्रकारची खूण. पण व्हीपीएनचं बाहेरचं पाकीटही लॅपटॉपच लिहितो आणि फोन त्यातूनही एक वजा करतो, म्हणून टेदरिंग उघडंच राहतं. व्हीपीएन फोनवर लावलं तर बहुतेक फोनांत हॉटस्पॉटला जोडलेल्यांचा डेटा त्यातून जातच नाही.

एव्हाना साडेदहा होऊन गेले होते. २४० एमबी म्हणजे ६०० केबीपीएसनं जवळपास ५३ मिनिटं, तीही मधे दुसरं काही न चालता. अकराला पोहोचणं शक्य नव्हतं. पण अपलोडला फोनचा स्वतःचा वेग १२ एमबीपीएस होता आणि त्याच्यावर कसलीच मर्यादा नव्हती. मग लॅपटॉपनं फाइल पाठवायचीच कशाला? केबल लावलेलीच होती. तिनं फाइल लॅपटॉपमधून फोनमध्ये घेतली, हॉटस्पॉट बंद केला, आणि फोनच्याच ब्राउझरमधून ती चढवली. तेच २४० एमबी, तोच टॉवर, त्याच सिमवरून. आता पॅकेटं फोनमध्येच जन्मत होती.

पावणेतीन मिनिटांत फाइल गेली. नंतर तिनं लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये आपल्या हॉटस्पॉटच्या नावापुढे 'Metered connection' सुरू केलं, म्हणजे पुढच्या वेळी विंडोज बहुतेक अपडेटं रोखून धरेल. फोटो चढवणाऱ्या ॲपला तेवढं पुरत नव्हतं, त्याला त्याच्याच सेटिंगमध्ये जाऊन वेगळं थांबवावं लागलं.